‘आता आपण दोघंच’ ठरलं, तरी त्याच्या फोटोपाशी हिरवा ठिपका दिसतोय? मग आधी हे करा

कार्निव्हलच्या शनिवारी पणजीत रस्ते बंद होते, बस उशिरा येणार होती, आणि मी पाटोवर उभी राहून दीड महिना न उघडलेलं डेटिंग ॲप उघडलं. खातं काढून टाकायला उघडलं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. मॅचच्या यादीत तो होताच. त्याच्या फोटोच्या कडेला हिरवा ठिपका होता.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी मिरामारला आमचं ठरलं होतं. मी म्हटलं, “आता आपण दोघंच ना?” तो म्हणाला, “होय गो. ॲप तर मी काढूनच टाकलं.” मग हा ठिपका कसला?

त्यानंतरचे दहा दिवस मी जे जे केलं त्यातलं निम्मं चुकीचं होतं. गोव्यात तर अशा गोष्टी कुणाला विचारायच्या म्हणजे पंचाईत; ज्या मैत्रिणीला सांगावं तिची चुलत बहीण त्याच्या वर्गातली निघते. म्हणून पायऱ्या लावून लिहिते आहे. मी बाई, तो पुरुष, म्हणून तसं लिहिलंय. दोघेही पुरुष असाल किंवा दोघीही बायका, तरी काम याच क्रमाने होतं.

आधी एवढं हाताशी ठेवा

- ‘एक्सक्लुझिव्ह’ राहायचं कधी आणि कोणत्या शब्दांत ठरलं ते. व्हॉट्सॲपवर काही लिहिलेलं असेल तर तो मेसेज शोधून ठेवा.
- काय दिसलं, कोणत्या दिवशी, किती वाजता, आणि तेव्हा तुम्ही स्वतः कुठे होता, याची साधी नोंद. वहीत चार ओळी पुरतात.
- तुमच्या स्वतःच्या खात्याची खरी स्थिती: चालू आहे, थांबवलेलं आहे की काढून टाकलेलं.
- पैसे भरून घेतलेली मेंबरशिप असेल तर ती कोणत्या गूगल किंवा ॲपल खात्यावरून घेतली ते.
- दोघांचाही दोन तासांचा मोकळा वेळ.

१. आधी स्वतःचं खातं बघा

ही पायरी कुणालाच आवडत नाही, म्हणून पहिली घेते. त्याचा ठिपका तुम्हाला दिसला, कारण तुम्ही ॲपवर होता. आणि तुम्ही ॲपवर होता म्हणजे तुमचाही ठिपका त्याला दिसू शकतो. मी त्या दहा दिवसांत रोज सात-आठ वेळा ॲप उघडत होते, ‘फक्त बघायला’. माझ्या बाजूने ती तपासणी होती. त्याच्या फोनवर मात्र त्याची प्रेयसी दिवसातून आठ वेळा डेटिंग ॲपवर दिसत होती.

तेव्हा आधी ठरवा: तुमचं खातं अजून का आहे? ‘राहिलं तसंच’ हे खरं उत्तर असेल तर तेही चालतं, पण मग तेच उत्तर त्यानेही दिलं तर ते ऐकून घ्यायची तयारी हवी. आणि एकदा काय ते दिसलं की पुन्हा पुन्हा उघडू नका. दुसऱ्यांदा बघून नवीन काही कळत नाही, फक्त पोटातला गोळा मोठा होतो.

२. ठिपक्याला काय कळतं आणि काय कळत नाही

ठिपक्याला एवढंच कळतं की ॲप उघडलं गेलं. टिंडरवर हिरवा ठिपका किंवा ‘Recently Active’ म्हणजे मागच्या चोवीस तासांत केव्हातरी. हिंजवर ‘Active Now’ किंवा ‘Active Today’ असं लिहून येतं. दोन्हीकडे ही खूण सेटिंगमध्ये जाऊन बंदही करता येते. म्हणून ठिपका नाही म्हणजे माणूस तिथे नाही, असंही होत नाही. उघडून काय केलं, कुणाशी बोलला, की आलेल्या नोटिफिकेशनवर चुकून बोट पडलं, यातलं काहीच ठिपका सांगत नाही.

चिन्हं सगळी सारख्या वजनाची नसतात. मी ती अशी लावते.

*प्रोफाइल अजून दिसतं.* याला वजन जवळजवळ शून्य. फोनवरून ॲप काढलं म्हणजे खातं निघत नाही. आयकॉन गेला तरी फोटो, माहिती, मॅच सगळं तिकडे जसंच्या तसं राहतं. ‘काढून टाकलं’ म्हणणारी बरीच माणसं फक्त आयकॉन काढतात आणि त्यांना खरोखरच वाटतं की काम झालं.

*हिरवा ठिपका एकदा दिसला.* थोडं वजन. विचारायला हरकत नाही, पण आरोप करण्याइतकं नाही.

*अंतर बदललं.* इथे मी तोंडावर आपटले. काही ॲप समोरच्याचं तुमच्यापासूनचं अंतर दाखवतात. शुक्रवारी ऑफिसातून बघितलं तेव्हा तो २८ किलोमीटरवर होता. मडगावला त्याचं घर, म्हणजे बरोबर. शनिवारी सकाळी आईकडे डिचोलीत बसून बघितलं तर ३७. माझं डोकं फिरलं. नऊ किलोमीटर लांब कुठे गेला? कुणाकडे? काणकोणच्या बाजूला कोण राहतं त्याचं? अर्धा तास मी नकाशा उघडून बसले. आईने दोनदा पोळे खायला हाक मारली, मी उठले नाही. तिसऱ्या हाकेला उठताना लक्षात आलं की तो हललाच नव्हता, हलले होते मी. हे अंतर तुम्ही जिथे आहात तिथून मोजलं जातं, आणि तेही रस्त्याने नाही, पक्षी उडेल तसं सरळ रेषेत. पणजीहून मडगाव सरळ रेषेत साधारण २८, आणि डिचोलीहून साधारण ३७. तो सकाळभर घरी झोपलेला असणार.

अंतराचा आकडा कधी खरंच काही सांगतो? तुम्ही एकाच जागी आहात, तो गावाबाहेर गेल्याचं तुम्हाला माहीत आहे, आणि आकडाही त्या नव्या गावाप्रमाणे बदलला, तर तिकडे गेल्यावर ॲप उघडलं असण्याचा संभव मोठा. कारण सहसा ॲप उघडल्यावरच नवी जागा नोंदली जाते. तरीही यातून कळतं ते एवढंच, की ॲप उघडलं.

*प्रोफाइलमध्ये काहीतरी नवीन.* हे मात्र जड. नवा फोटो, बदललेली ओळख, प्रश्नांची नवी उत्तरं, बदललेली नोकरी. म्हापशाच्या माझ्या एका मैत्रिणीच्या बाबतीत हेच झालं. ठिपका नाही, अंतर नाही, काहीच दिसत नव्हतं. पण तिच्या सहकारिणीला त्याचं प्रोफाइल समोर आलं, आणि त्यातला तिसरा फोटो दिवाडीच्या फेरीबोटीवरचा होता. महिन्यापूर्वी तो मैत्रिणीनेच काढलेला. सेल्फी होता; तिचा खांदा कापून टाकला होता, पण डाव्या कडेला तिच्या ओढणीचं टोक राहून गेलं होतं. तो म्हणाला, “जुनं प्रोफाइल आहे, विसरलो.” जुन्या प्रोफाइलवर महिन्यापूर्वीचा फोटो आपोआप चढत नाही. इथे प्रश्न सवयीचा किंवा विसरण्याचा उरत नाही.

*मॅच यादीतून गायब झाला.* हे फसवं चिन्ह आहे. खातं पूर्ण काढलं तरी माणूस तुमच्या यादीतून जातो, आणि त्याने फक्त तुम्हाला अनमॅच केलं तरी जातो. तुमच्या बाजूने बहुतेकदा दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून ‘बघ, आता दिसत नाही ना’ हा पुरावा धरू नका. उलट खातं थांबवलेलं असेल, म्हणजे हिंजवर ‘Pause’ किंवा बंबलवर ‘Snooze’, तर नव्या लोकांना प्रोफाइल दिसत नाही पण जुन्या मॅचशी गप्पा चालू राहू शकतात. ‘मी पॉज केलंय’ या वाक्याचा अर्थ एवढाच.

३. नेमकं काय ठरलं होतं?

आता नोंद काढा आणि ठरलेलं वाक्य शब्दशः लिहा. माझं होतं, ‘आता आपण दोघंच ना?’ यात ॲपचा उल्लेखच नाही. ॲपचं त्याने आपणहून सांगितलं होतं, तेही ‘काढून टाकलं’ असं, झालेल्या गोष्टीसारखं. म्हणजे माझ्याकडे दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक वचन, दुसऱ्या कुणाला भेटायचं नाही. आणि एक माहिती, जी बहुधा खोटी किंवा अर्धवट होती. ठिपक्यामुळे पहिलं मोडलं असं सिद्ध होत नव्हतं. दुसऱ्याबद्दल मात्र विचारायला हवंच होतं.

हा फरक केला नाही तर बोलताना तुम्ही एकदम ‘तू मला फसवतोस’वर जाता. समोरचा ‘मी कुणाला भेटलो नाही’ हे खरं उत्तर देऊन सुटतो. खोटं ‘काढून टाकलं’ तसंच बाजूला राहतं.

काही जोड्यांत हे वाक्यसुद्धा झालेलं नसतं. सहा महिने रोज भेटतोय, त्याच्या आईने चवथीला नेवऱ्या पाठवल्या, म्हणजे झालंच ना एक्सक्लुझिव्ह? नाही झालं. ते तुम्ही धरून चालला होता. मग तुमचं संभाषण वेगळं आहे: आधी ठरवायचं, मग ॲपचं बोलायचं.

४. बोलण्याआधी दोन रात्री जाऊ द्या, आणि या मधल्या वेळात तीन गोष्टी करू नका

पहिल्या रात्री मी सात मेसेज लिहिले आणि सातही पुसले. रात्री साडेअकराला ‘तुझा ठिपका दिसतोय’ असा मेसेज जायला नको. त्याला उत्तर येतं ते भांडणाचं, किंवा येतच नाही. पण आठवडाभर थांबणंही चूक. मी दहा दिवस थांबले, आणि दहा दिवस मी त्याच्याशी तुटक वागले ते का, हे त्याला कळत नव्हतं. दोन रात्री पुरे.

खोटं प्रोफाइल बनवून त्याला ‘तपासू’ नका. यात फार जणी अडकतात. एक म्हणजे त्याने उत्तर दिलं तरी तुम्हाला कळतं ते तुम्ही घडवून आणलेलं. दुसरं म्हणजे फोटो कुणाचा लावणार? दुसऱ्या मुलीचा फोटो वापरून बनावट खातं चालवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६सी आणि ६६डी या कलमांपर्यंत जाऊ शकतं. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

त्याचा फोन त्याला न विचारता उघडू नका. पासवर्ड ठाऊक असला तरी तो वापरायची परवानगी मिळत नाही. हे वाचणारे पुरुष असाल तर आणखी एक सांगते. एखाद्या स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्कावर पाळत ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलाग या गुन्ह्यात येतं. ‘माझीच गर्लफ्रेंड आहे’ म्हणून ते माफ होत नाही.

स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकू नका. पुरावा म्हणून एक ठेवलात तर ठेवा, पण स्वतःपाशी. गोव्यात स्क्रीनशॉट फोंड्याहून निघाला की दुपारच्या जेवणापर्यंत वास्कोला पोचतो. नंतर गैरसमज होता असं निघालं तर तो परत बोलावता येत नाही. आणि दोघेही पुरुष असाल, त्याच्या घरी माहीत नसेल, तर तुमच्या रागाचा स्क्रीनशॉट त्याचं घर मोडू शकतो.

५. कुठे आणि कसं बोलायचं

पणजीतलं कॅफे नको. शेजारच्या टेबलावर हमखास ओळखीचं कुणी असतं. गाडी चालवताना नको. आम्ही कोलव्याला गेलो, संध्याकाळची गर्दी ओसरल्यावर, पाण्याच्या कडेने चालत. चालताना एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, आणि मधे गप्प बसलं तरी अवघडल्यासारखं होत नाही.

आधी तुम्ही काय केलं ते सांगा. मग काय दिसलं. मग प्रश्न, एकच. माझं असं झालं:

“मी शनिवारी ॲप उघडलं. माझं खातं अजून आहे, मी काढलेलं नाही. तिथे तू दिसलास, हिरव्या ठिपक्यासकट. तू तर काढलंय म्हणाला होतास. काय आहे नेमकं?”

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “तुझाही दिसला होता मला. मंगळवारी.”

हे मला अपेक्षितच नव्हतं. मी चिडून म्हटलं, “मी तुला बघायला उघडत होते!”

“आणि मी?”

इथे संभाषण ‘कोण जास्त’वर घसरतं. घसरू द्यायचं नाही. मी (दोन श्वास घेऊन) म्हटलं, “माझं मी सांगितलं. आता तुझं सांग.” ही ओळ पाठ करून जा. उपयोगी पडते.

६. उत्तर ऐकताना काय ऐकायचं

त्याचं उत्तर असं होतं. नोव्हेंबरमध्ये त्याने तीन महिन्यांची मेंबरशिप घेतली होती. जानेवारीत फोनवरून ॲप काढलं, खातं नाही. फेब्रुवारीत मेंबरशिप आपोआप पुढे चालू झाली, पैसे कापल्याचा मेसेज आला. ती बंद करायला त्याने ॲप परत घेतलं, लॉगिन केलं, आणि सगळं होतं तसं समोर आलं.

इथपर्यंत पटण्यासारखं आहे, आणि तपासताही येतं. ॲप काढलं म्हणून मेंबरशिप थांबत नाही; गूगल किंवा ॲपलवरून घेतलेली असेल तर खातं काढूनसुद्धा ती वेगळी रद्द करावी लागते. पैसे कापल्याची तारीख बँकेच्या मेसेजमध्ये असते. त्याने तो मेसेज न मागता दाखवला. तारीख कार्निव्हलच्या आदल्या मंगळवारची.

पण मंगळवारी रद्द केलं तर शनिवारी ठिपका कसा? ठिपका चोवीस तासांचा. हा हिशोब आधीच करून जा, म्हणजे तिथे गोंधळ होत नाही. मी विचारलं. तो म्हणाला, “दोन-तीन रात्री बघत बसलो. सवय. एकीचा जुना मेसेज होता, तिला उत्तर दिलं.”

“काय उत्तर?”

“‘हाय, बरी आहेस?’ एवढंच.”

एवढंच. मला ते ‘एवढंच’ दोन दिवस टोचत राहिलं, खोटं कशाला सांगू. तरी एक गोष्ट मी धरली: शेवटची माहिती त्याने स्वतः दिली, मला उकरावी लागली नाही, आणि ती त्याच्या बाजूची नव्हती. उत्तरात हे ऐका. ज्या उत्तरात तारखा, पैसे, रात्री असे तपशील येतात आणि त्यातले एकदोन सांगणाऱ्याच्याच विरोधात जातात, ते उत्तर खरं असण्याची शक्यता जास्त. मैत्रिणीच्या त्या फेरीबोटवाल्याने पहिल्यांदा ‘विसरलो’ म्हटलं, फोटोचं दाखवल्यावर ‘मित्राने चढवला’, आणि मग ‘तुझा माझ्यावर विश्वासच नाही’. तपशील दाखवला की कारण बदललं, आणि कारणं संपली तशी चूक तिची झाली. ती तिथूनच रिक्षा करून घरी गेली. बरोबर केलं.

कारण खरं असूनही तुम्हाला ते चालणार नाही, असंही होतं. ‘हाय, बरी आहेस?’ ही काहींसाठी हद्द आहे. माझ्यासाठी ती हद्दीच्या कडेला होती, आणि ते मी त्याला तसंच सांगितलं.

७. खाती एकत्र काढा, आणि पूर्ण काढा

‘मी काढतो घरी गेल्यावर’ नको. समोरासमोर, दोघांचीही, एकाच वेळी. क्रम असा:

1. आधी मेंबरशिप रद्द करा. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये वर उजवीकडे आपला फोटो, मग ‘Payments & subscriptions’, मग ‘Subscriptions’. आयफोनवर ‘Settings’मध्ये आपल्या नावावर दाबलं की ‘Subscriptions’ सापडतं.
2. मग ॲप उघडून ‘Settings’मध्ये जा आणि खाली खाली सरकत ‘Delete Account’पर्यंत पोचा.
3. इथे ॲप तुम्हाला थांबवतं: काढू नका, त्याऐवजी थांबवा, लपवा. दिसायला तोच पर्याय मोठा आणि सोपा असतो. तो दाबला तर खातं राहतं. शेवटपर्यंत ‘Delete’च निवडा.
4. खातं निघालं की मगच फोनवरून ॲप काढा. उलटं केलं की जानेवारीत आमचं झालं तसं होतं.
5. दोन-तीन ॲप असतील तर प्रत्येकावर वेगळं. त्याच्या बंबलवर ‘Snooze’ लावून ठेवलेलं होतं, आणि तो ते खरोखर विसरला होता.

आम्ही हे कोलव्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून केलं. नेटवर्क येईना, म्हणून वीस मिनिटं लागली. माझं खातं काढताना मला वाईट वाटलं, हेही नोंदवून ठेवते. आमचं नोव्हेंबरचं पहिलं बोलणं त्यातच होतं. तुमचंही असेल तर काढण्याआधी ते वाचून घ्या, हवं तर जपून ठेवा. खात्याबरोबर ते जातं.

याला मर्यादा आहे, ती आधीच समजून घ्या. नवं खातं पाच-दहा मिनिटांत उघडता येतं. एकत्र काढण्याने पुढे कुणी काही करणार नाही याची हमी मिळत नाही. पण ‘विसरलो’, ‘जुनं होतं’, ‘आपोआप चालू झालं’ ही सगळी कारणं त्या दिवशी संपतात. यापुढे प्रोफाइल दिसलं तर ते नव्याने उघडलेलं असेल, आणि मग विचारायला एवढंसं काही उरत नाही.

८. नंतरचे काही आठवडे

एक गोष्ट लाजेने राहून जाते. ‘आपण दोघंच’ म्हणून तुम्ही निरोध वापरणं थांबवलं असेल, आणि मधल्या काळात तो कुणाला भेटला असं कळलं किंवा तशी शंका खरी वाटली, तर तपासणी करून घ्या. सरकारी इस्पितळांतल्या आयसीटीसी केंद्रांत एचआयव्ही तपासणी मोफत होते आणि निकाल गुप्त राहतो. इतर लैंगिक आजारांसाठी सरकारी इस्पितळांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. कुठे जायचं ते १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येतं. संबंधानंतर लगेच केलेली तपासणी निगेटिव्ह आली तरी ती पक्की धरत नाहीत. साधारण तीन महिन्यांनी पुन्हा करायला सांगतात. आणि शंका असलेला संबंध ७२ तासांच्या आतला असेल तर वाट न बघता इस्पितळात जा, कारण एचआयव्ही रोखणारी औषधं त्या वेळेतच सुरू करावी लागतात.

बाकी, नवं वाक्य ठरवा, या वेळी ॲपसकट. आमचं असं होतं: दुसऱ्या कुणाला भेटायचं नाही, कुठल्याही डेटिंग ॲपवर खातं ठेवायचं नाही, जुन्या मॅचपैकी कुणी इन्स्टाग्रामवर बोलायला आलं तर एकमेकांना सांगायचं. महिन्याभराने, शिगम्यानंतर, यावर पुन्हा एकदा बोलायचं. तोवर विषय काढायचा नाही. महिनाभर रोज ‘खरंच काढलंस ना?’ विचारत राहिलात तर त्याला उत्तर देण्याचा कंटाळा येतो, आणि तुमचं समाधान कुठल्याच उत्तराने होत नाही. मीही पहिल्या आठवड्यात दोनदा विचारलंच.

आणि मैत्रिणीच्या फोनवरून तो सापडतो का, ते बघू नका. मी मार्चमध्ये बघितलं. ऑफिसातली एकजण म्हणाली, “दे, मी शोधते, माझं चालू आहे,” आणि आम्ही दोघी जेवणाच्या सुट्टीत पाऊण तास डावीकडे सरकवत बसलो. तो सापडला नाही. सापडले ते आमच्याच मजल्यावरचे एकजण, बायको आणि दोन मुलं असलेले, वय आठ वर्षांनी कमी करून, मोरजीच्या किनाऱ्यावर गॉगल लावून उभे. तेव्हापासून मी लिफ्ट सोडून जिन्याने जाते.